हळदीचं पाकीट २१० रुपयांचं, खात्यात आले १६१.८०

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या एक वहिनी वायगावच्या हळदीची पूड करून विकतात. घरची हळद थोडी, बाकी गावातून विकत घेतलेली. मागच्या हंगामात त्या हिंगणघाटला माझ्याकडे आल्या आणि मोबाइल पुढे धरून म्हणाल्या, "भाऊजी, पाकीट दोनशे दहाचं विकलं न् खात्यात एकशे एकसष्टच आले. बाकीचे काहून कापले?"

मी लोकांचे जीएसटीचे हिशेब करतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. ॲपवर विकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात तो विचारतोच. वहिनी आधी नुसत्या व्हॉट्सॲपवर विकायच्या, मग नोंदणीशिवाय ॲपवर विकू लागल्या आणि शेवटी त्यांनी जीएसटी नंबर घेतला. या तिन्ही टप्प्यांवर नियम वेगळे होते आणि बिलही वेगळं होतं. म्हणून त्यांच्याच वाटेने जाऊ.

माल कोणत्या राज्यात जातो?

"किती लाखांवर जीएसटी लागतो" असं सगळे विचारतात. मी उलट विचारतो, की तुमचा माल महाराष्ट्राबाहेर जातो का?

फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे. पण माल राज्याबाहेर पाठवला की ही मर्यादा संपते. करपात्र वस्तूचं एकच पाकीट दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचं असलं, तरी कायद्याने आधी नोंदणी हवी. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे फारसं जाणवत नाही, आपल्याला पदोपदी जाणवतं. वरुडवाल्याला पांढुर्णा मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, राजुऱ्याला आदिलाबाद जवळ, गोंदियाला बालाघाट जवळ. नातेवाईक तिकडे, सोयरिकी तिकडे, त्यामुळे व्हॉट्सॲपवरची पहिली ऑर्डरही बहुतेक तिकडचीच येते. पार्सल मध्य प्रदेशात किंवा तेलंगणात गेलं की ती आंतरराज्य विक्री झाली.

तिकडचाच माणूस तुमच्या दुकानात आला, पाकीट घेऊन पैसे देऊन गेला आणि बिलावर त्याचा पत्ता लिहिलेला नसेल, तर ती विक्री महाराष्ट्रातलीच धरतात. बिलावर दुसऱ्या राज्याचा पत्ता चढला की गणित बदलतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत बिलावरचा पत्ता, निदान राज्याचं नाव, हेच विक्रीचं ठिकाण ठरवतं.

४० लाख मोजताना दोन ठिकाणी लोक चुकतात. एक म्हणजे उलाढाल पॅनवर मोजली जाते. दुकान, ॲप, व्हॉट्सॲप, आठवडी बाजार, आणि करमुक्त मालाची विक्रीसुद्धा, सगळं एकत्र धरायचं. दुसरी चूक आपल्याकडे हमखास होते. हळद दळायला चक्की घेतली की गावकरी आपलीही मिरची-हळद दळून नेतात आणि किलोमागे पैसे देतात. ही सेवा झाली. मग तुम्ही "फक्त वस्तू विकणारे" राहत नाही आणि मर्यादा ४० ऐवजी २० लाख होते. वहिनींची उलाढाल यापैकी कशाच्याही जवळ नव्हती, म्हणून व्हॉट्सॲपच्या काळात, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकताना, त्यांना काहीच लागत नव्हतं.

शेतकऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीपुरती नोंदणी लागत नाही. ताज्या संत्र्यांवर तर करच नाही. पण वहिनींसारखं दुसऱ्याची हळद विकत घेऊन, दळून, पाकिटात भरून विकायला लागलात तर या सवलतीवर विसंबू नका. संत्र्याचा जॅम केला तरी तेच. तो शेतमाल नव्हे, त्यावर कर आहे.

नंबर न घेता ॲपवर विकायचं असेल तर

३० सप्टेंबर २०२३ पर्यंत ॲपवरून वस्तू विकायची तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला यातून वाट मिळाली. तिला एनरोलमेंट म्हणतात. ही नोंदणी नव्हे. यात रिटर्न भरायचं नाही, कर गोळा करायचा नाही. सरकारच्या पोर्टलवर "मी अमुक पॅनचा, अमुक पत्त्याचा विक्रेता आहे" एवढंच सांगायचं आणि मिळालेला एनरोलमेंट नंबर ॲपला द्यायचा.

अटी मोजक्या आहेत, पण पक्क्या आहेत. राज्याबाहेर एकही विक्री चालत नाही. ॲपवरची विक्री एकाच राज्यातून व्हायला हवी. पॅन लागतोच. आणि नंबर हातात येईपर्यंत ॲपवर विक्री सुरू करायची नाही.

वहिनींचं काम पाऊण तासात झालं, त्यातला बराच वेळ ओटीपीच्या रेंजची वाट पाहण्यात गेला. gst.gov.in उघडायचं आणि या वाटेने जायचं:

```
Services > User Services >
Generate User ID for Unregistered Applicant
```

तिथे कारण विचारलं जातं. ई-कॉमर्स कंपनीमार्फत माल पुरवणारा विक्रेता म्हणून अर्ज करतोय, असा पर्याय निवडायचा. मग राज्य, पॅन, पॅनवर आहे तसंच नाव, मोबाइल आणि ईमेलचा ओटीपी, व्यवसायाचा पत्ता. पॅनवरचं आणि टाइप केलेलं नाव एका अक्षराने जरी वेगळं असलं तरी अर्ज अडतो. वहिनींच्या पॅनवर माहेरचं आडनाव होतं, ते आमच्या लक्षात यायला दोनदा लाल अक्षरं यावी लागली. सरकार या कामाचे पैसे घेत नाही. सेतूवर किंवा एजंटकडे द्याल ते त्याच्या मेहनतीचे.

आता उलाढालीच्या मर्यादेबद्दल माझं स्वतःचं मत सांगतो. एनरोलमेंटच्या अधिसूचनेत आकडा लिहिलेला नाही, "कलम २२ नुसार ज्या उलाढालीवर नोंदणी लागते तिच्यापर्यंत" असं लिहिलंय. मूळ कलम २२ मध्ये आकडा २० लाखांचा आहे. ४० लाखांची सवलत वेगळ्या अधिसूचनेतून आलेली आहे, आणि ज्यांना सक्तीची नोंदणी लागते त्यांना ती लागू नाही. बहुतेक ठिकाणी तुम्हाला सरळ "४० लाख" असंच सांगतील. मी मात्र एनरोलमेंटवर विकणाऱ्याला २० लाखांची खूण धरून ठेवायला सांगतो. तिथे पोचण्याआधी सीएकडे जाऊन बसावं. त्याची फी वादात अडकण्यापेक्षा स्वस्त पडते.

या टप्प्यावरचं बिल अगदी साधं असतं. वहिनींचं नाव, पत्ता, पाकीट, २१० रुपये. जीएसटीची ओळ नाही आणि ती असताही कामा नये. ज्याला नंबर नाही त्याने बिलावर कर लावणं हा गुन्हा आहे, मग तो ५ टक्के असो की ५० पैसे. एखाद्या हॉटेलवाल्याने "जीएसटीचं बिल द्या" म्हटलं तर नाही म्हणावं लागतं. ॲपनेही अशा विक्रेत्याकडून टीसीएस कापायचा नसतो. टीसीएस म्हणजे काय, ते पुढे येईलच.

तेव्हा वहिनींच्या हातात किती पडायचे? ॲपचं कमिशन आणि पोचवणावळ मिळून पाकिटामागे ४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७.२०. म्हणजे २१० वजा ४७.२०, हातात १६२.८०. हे ७ रुपये २० पैसे कायमचे गेले, नंबर नसल्यामुळे ते परत मागता येत नाहीत.

मग त्यांनी नंबर घेतला कशाला? ऑर्डरी येत होत्या, पण फक्त महाराष्ट्रातल्या. ॲप त्यांची हळद बाहेरच्या राज्यातल्या माणसाला दाखवतच नव्हतं, कारण एनरोलमेंटवाल्याची आंतरराज्य विक्री होऊ न देण्याची जबाबदारी ॲपवर आहे.

काही जण विचारतात, की मग कम्पोझिशन, म्हणजे लहान व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची योजना, घ्यावी का? त्यातही १ ऑक्टोबर २०२३ पासून ॲपवर विकता येतं, पण राज्याबाहेर नाही. शिवाय १ टक्का कर खिशातून जातो, टीसीएस कापला जातो आणि कमिशनवरचा जीएसटी परत मिळत नाही. एनरोलमेंटमध्ये बसणाऱ्याला त्यात काही हशील नाही.

नोंदणी : अडतं ते पत्त्यावर

त्याच पोर्टलवर नव्या नोंदणीचा अर्ज असतो. पहिला भाग भरला की टीआरएन नावाचा तात्पुरता नंबर येतो, तो १५ दिवस चालतो. तेवढ्यात दुसरा भाग पूर्ण करायचा. पॅन, आधार, फोटो हे सगळ्यांकडे असतं. बँक खात्याची माहिती नोंदणीनंतर ३० दिवसांच्या आत दिली तरी चालते, पण त्याआधी पहिलं विक्रीचं रिटर्न भरायचं असेल तर आधी खातं जोडावं लागतं.

खेड्यात घोडं अडतं ते व्यवसायाच्या पत्त्यावर. घर सासऱ्यांच्या नावावर, विजेचं बिल त्यांच्याही वडिलांच्या नावावर, आणि गावाकडच्या पत्त्यात गल्ली-नंबर काहीच नाही. वहिनींच्या वेळी आम्ही ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढला, चालू वर्षाची घरपट्टीची पावती घेतली आणि सासऱ्यांचं संमतीपत्र जोडलं, "माझ्या घराच्या अमुक खोलीत सुनेने हळदीचा व्यवसाय करायला माझी हरकत नाही" असं. उताऱ्यावरचं नाव आणि संमतीपत्रावरचं नाव एकच पाहिजे. वीजबिलावर आजोबांचं नाव असेल तर ते जोडूच नका, उगाच शंका येते.

तरीही अधिकाऱ्याची विचारणा येऊ शकते. ती पोर्टलवर आणि ईमेलवर येते, घरी पत्र येत नाही. उत्तराला कामाचे ७ दिवस मिळतात आणि ते हुकले तर अर्ज फेटाळला जातो. म्हणून अर्जात ईमेल स्वतःचा द्या, एजंटचा नको. मी पाहिलेले निम्मे फेटाळलेले अर्ज एजंटच्या न उघडलेल्या इनबॉक्समध्ये पडून होते.

नंबर मिळाला की एनरोलमेंट आपोआप संपतं. लगेच ॲपवर जाऊन जीएसटी नंबर भरा आणि प्रत्येक मालाचा एचएसएन, म्हणजे वर्गवारीचा आकडा, आणि कराचा दर तपासा. हळद पुडीचा एचएसएन 0910, दर ५ टक्के. भिवापुरी मिरचीची पूड असेल तर 0904, दर तोच. लोणचं, जॅम विकत असाल तर जास्त जपा. त्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आणि जुन्या यादीत १२ तसाच राहिलेला असू शकतो. गिऱ्हाइकाकडून १२ टक्के घेतले तर ते सरकारला भरावेच लागतात, वरचे ७ ठेवून घेता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. हा नंबर ॲपपुरता नसतो. त्या दिवसापासून व्हॉट्सॲपवरची, दुकानातली, आठवडी बाजारातली प्रत्येक करपात्र विक्री रिटर्नमध्ये येते. बाजारात सुट्या पुड्या विकताना प्रत्येकाला बिल फाडावं लागत नाही. २०० रुपयांपेक्षा कमी विक्री असेल, घेणाऱ्याला नंबर नसेल आणि तो बिल मागत नसेल, तर दिवसाअखेर सगळ्यांचं मिळून एकच बिल चालतं.

तीन कागद

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. नोंदणीनंतर एका पाकिटामागे तीन कागद तयार होतात आणि घोटाळा होतो तो तिन्ही एकच समजल्यामुळे.

पहिला कागद गिऱ्हाइकाचं बिल. ते ॲप छापतं, पण वहिनींच्या वतीने. त्यावर विक्रेता म्हणून वहिनींचं नाव आणि त्यांचा २७ ने सुरू होणारा नंबर असायला हवा, ॲपच्या कंपनीचा नव्हे. किंमत २१० च राहिली, पण आता ती दोन भागांत दिसते : हळद २०० रुपये, जीएसटी १० रुपये. पार्सल अमरावतीला गेलं तर ते १० रुपये केंद्राचे ५ आणि राज्याचे ५ असे विभागून, भोपाळला गेलं तर सगळे १० आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा कर. या बिलावर टीसीएस कुठेच नसतो. गिऱ्हाइकाचा त्याच्याशी संबंध नाही. "ॲप टीसीएस कापतं म्हणून भाव वाढवला" असं कुणी सांगितलं तर त्याने बिल वाचलेलं नाही.

दुसरा कागद ॲपचं वहिनींच्या नावे बिल. कमिशन आणि पोचवणावळ ४० रुपये, त्यावर जीएसटी ७.२०. इथे वहिनी गिऱ्हाईक आहेत. नंबर नव्हता तोवर हे ७.२० खर्चात जात होते, आता ते त्यांच्या कराच्या खात्यात जमा म्हणून वापरता येतात. अट एवढीच, की त्या बिलावर त्यांचा जीएसटी नंबर असावा आणि ते पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या वजावटीच्या यादीत दिसावं.

तिसरा कागद म्हणजे पैसे जमा करतानाचा हिशेब, सेटलमेंट. टीसीएस फक्त इथे दिसतो. ॲपवरून करपात्र माल विकला की ॲपने विक्रेत्याच्या रकमेतून थोडा कर आधीच कापून सरकारकडे भरायचा, असा नियम १ ऑक्टोबर २०१८ पासून आहे. तेव्हा दर १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. तो कर वगळून उरलेल्या किमतीवर लागतो, म्हणजे २१० वर नाही, २०० वर. अर्धा टक्का म्हणजे १ रुपया.

तर २१० मधून ४७.२० गेले, १ रुपया टीसीएस गेला, उरले १६१.८०. वहिनींना जाचत होता तो हाच आकडा.

पण हिशेब इथे संपत नाही. गिऱ्हाइकाकडून घेतलेले १० रुपये सरकारचे आहेत. त्यातून कमिशनवर भरलेले ७.२० वजा केले, उरले २.८०. ॲपने भरलेला टीसीएसचा १ रुपया त्यांच्याच नावावर जमा आहे, तो वजा केला, उरले १.८०. एवढे खिशातून भरायचे. १६१.८० वजा १.८० बरोबर १६० रुपये. उलट्या बाजूने पाहा : हळदीची खरी किंमत २००, ॲपचे ४०, उरले १६०. आकडे जुळले. टीसीएस हा वेगळा कर नाही, तो तुमच्याच कराचा आगाऊ हप्ता आहे.

नंबर नसताना १६२.८० सुटायचे, आता १६०. पाकिटामागे २.८० कमी, त्याच्या बदल्यात बाहेरची राज्यं उघडली. पाकिटं, लेबलं, चक्कीची दुरुस्ती यांवरचा जीएसटीही वजा होतो, तो मी वर धरलेला नाही. आपल्याकडे कच्चा माल शेतकऱ्याकडून येतो, त्यावर जीएसटी नसतो, त्यामुळे खरेदीतून फारसं वजा होत नाही. कापड किंवा भांडी घाऊक दुकानातून बिलावर आणणाऱ्याला हा फायदा जास्त मिळतो.

सेटलमेंटमध्ये कधी टीडीएस नावाची आणखी एक कपात दिसते. ती इन्कम टॅक्सची, तिचा जीएसटीशी संबंध नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर ०.१ टक्का आहे, आणि पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या ॲपवरची विक्री वर्षाला ५ लाखांपर्यंत असेल तर ती कापत नाहीत. कापली असेल तर जीएसटी पोर्टलवर शोधत बसू नका, ती इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर सापडते.

एक पूर्ण महिना

वहिनींनी एका महिन्यात १२० पाकिटं पाठवली, २० परत आली. हिशेबाला १०० धरली, ६० महाराष्ट्रात आणि ४० बाहेर. परत आलेल्या मालावर टीसीएस लागत नाही, तो निव्वळ विक्रीवरच असतो.

महाराष्ट्रातली विक्री १२,००० रुपये, त्यावर केंद्राचा कर ३०० आणि राज्याचा ३००. बाहेरची ८,००० रुपये, त्यावर आयजीएसटी ४००. एकूण कर १,०००. टीसीएस महाराष्ट्राच्या विक्रीवर ३० आणि ३०, बाहेरच्या विक्रीवर ४०, मिळून १००. कमिशनवरचा जीएसटी ७२०, आणि ॲपची कंपनी दुसऱ्या राज्यातून बिल करते म्हणून तो सगळा आयजीएसटी.

हे ७२० आधी आयजीएसटीच्या ४०० ला लावायचे, उरलेले ३२० केंद्र आणि राज्याला १६०-१६० असे. राहिले १४० आणि १४०, म्हणजे २८०. इथे वहिनी म्हणाल्या, "शंभर जमा हायेत न, मंग एकशे ऐंशीच भरतो." बरोबर, पण एक गाठ आहे. त्या शंभरातले ४० आयजीएसटीच्या कप्प्यात आहेत आणि तिथे आता देणंच उरलेलं नाही. पोर्टलवरच्या रोख खात्यातला एका कप्प्यातला पैसा दुसऱ्या कराला आपोआप लागत नाही. पीएमटी-०९ नावाचा छोटा फॉर्म भरून ते ४० केंद्र-राज्याच्या कप्प्यात सरकवले तरच १८० भरून भागतं. नाहीतर २२० भरावे लागतात आणि ४० नुसते पडून राहतात. बाहेर जास्त विकणाऱ्याकडे असे पैसे महिनोन् महिने साचलेले मी पाहिलेत.

टीसीएस जमा व्हायलाही एक बटण दाबावं लागतं. ॲप दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत मागच्या महिन्याचं टीसीएसचं रिटर्न, जीएसटीआर-८, भरतं. त्यानंतर रिटर्न डॅशबोर्डवर `TDS and TCS Credit Received` या चौकोनात रक्कम दिसते. ती सेटलमेंटशी ताडून पाहायची आणि स्वीकारून फाइल करायची. मग ती रोख खात्यात येते. चूक वाटली तर नाकारता येते, म्हणजे ॲपला दुरुस्त करावी लागते. हे न करणाऱ्याचा टीसीएस कापला जातो, पण वापरता येत नाही.

विक्रीचं रिटर्न म्हणजे जीएसटीआर-१. त्यात ही विक्री नेहमीच्या तक्त्यांत राज्यवार जाते आणि ॲपमार्फत झालेली म्हणून तक्ता १४ मध्ये ॲपच्या जीएसटी नंबरासह पुन्हा दाखवायची. तक्ता १४ ने कर दुप्पट होत नाही, ती फक्त माहिती आहे. ५ कोटींखालच्या विक्रेत्याला तिमाही रिटर्नचा पर्याय आहे आणि खेड्यात तोच घ्यावा असं मी सांगतो. महाराष्ट्रात तिमाहीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आणि कर भरायचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, २२ पर्यंत. मधल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा असतो.

कुठे चुकतं आणि ते कसं ओळखायचं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बँकेत आलेली रक्कम विक्री म्हणून लिहिणं. वहिनींच्या महिन्यात बँकेत आले १६,१८०. ॲपने मात्र सरकारला २०,००० ची विक्री कळवलेली आहे. तुम्ही १६,१८० दाखवले की पोर्टलवर दोन आकडे भांडायला लागतात आणि वर्षभराने नोटीस येते. ४० किंवा २० लाखांची मर्यादाही विक्रीवर मोजायची, बँकेतल्या जमेवर नाही. म्हणून बँकेच्या पासबुकावरून नव्हे, ॲपवरून मिळणाऱ्या विक्रीच्या अहवालावरून रिटर्न भरा. त्यात प्रत्येक बिल, राज्य आणि परत आलेला माल वेगवेगळा असतो.

दुसरी चूक उलटी, ती लोकांना चांगली वाटते. सेटलमेंटमध्ये टीसीएस शून्य. नंबर घेतलेला असूनही शून्य दिसला तर ॲपवर मालाचा दर चुकून "करमुक्त" टाकला आहे का ते आधी पाहा. करमुक्त मालावर टीसीएस लागत नाही. मग गिऱ्हाइकाच्या बिलावरही कर नसतो, पण हळदीवरचा ५ टक्के कर सरकार सोडत नाही. तो २१० मधूनच काढावा लागतो.

तिसरी, बिलांचे नंबर. ॲपची बिलं त्याच्या क्रमाने चालतात, तुमची व्हॉट्सॲपची वहीही १ पासून सुरू होते. एकाच वर्षात दोन बिलांचा नंबर सारखा नको. नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठाही नको. मी वेगळी मालिका लावून देतो:

```
WA/26-27/0001
```

दुसरं ॲप घेतलं तर त्याची मालिका वेगळी येतेच. जीएसटीआर-१ मध्ये प्रत्येक मालिकेचा पहिला-शेवटचा नंबर आणि रद्द झालेल्यांची संख्या द्यायची असते.

आणि ॲप जेव्हा "आमच्या गोदामात माल ठेवा, लवकर पोचेल" म्हणतं तेव्हा गोदाम कुठे आहे ते विचारा. भिवंडीत असेल तर आपल्या नोंदणीत जादा ठिकाण म्हणून जोडून भागतं. हैदराबादजवळ असेल तर तेलंगणाची वेगळी नोंदणी लागते, वेगळ्या रिटर्नसह. वहिनींना मी त्या फंदात पडू दिलं नाही.

हंगाम नसताना, आणि बंद करायचं झालं तर

हळद संपली की तीन-चार महिने विक्री शून्य. रिटर्न तरीही भरावंच लागतं, नाहीतर शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढतं. यासाठी इंटरनेटही लागत नाही. नोंदवलेल्या मोबाइलवरून 14409 ला एसएमएस करायचा, `X` च्या जागी आपला नंबर घालून:

```
NIL 3B 27XXXXXXXXXXXZX 062026
```

उलट सहा आकडी कोड येतो, तो `CNF 3B` लिहून त्याच्यापुढे टाकून परत पाठवला की झालं. जीएसटीआर-१ साठीही असाच एसएमएस आहे, `3B` च्या जागी `R1`.

धंदा चालला नाही आणि पुन्हा एनरोलमेंटवर किंवा नुसत्या गावातल्या विक्रीवर यायचं ठरलं, तर ॲपवरचा माल काढून घ्या आणि पोर्टलवर रद्द करण्याचा अर्ज करा. शिल्लक मालावर आधी घेतलेली वजावट असेल तर ती भरून द्यावी लागते. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न असतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. रोख खात्यात टीसीएसचे पैसे उरले असतील तर आरएफडी-०१ भरून ते बँकेत परत मागता येतात. वहिनींचे ४० रुपये अजून तिथेच आहेत. पुढच्या हंगामात पीएमटी-०९ भरू म्हणतात.